दोन आणि तीनचा वाद

नऊ पिनांच्या सिरियल पोर्टला सरळ केबल लावायची की क्रॉस, म्हणजे जिला नल मोडेम म्हणतात ती, हा प्रश्न नव्या लॅपटॉपवरून पोर्टच नाहीसा झाल्यावर मिटायला हवा होता. तो मिटलेला नाही. नेटवर्क स्विचचा कन्सोल, वजनकाट्याचा इंडिकेटर, यूपीएस, कारखान्यातलं पीएलसी, यांच्या अंगावर ते डी आकाराचं तोंड अजून आहे आणि यूएसबी कन्व्हर्टर लावून लोक रोज त्यांच्याशी बोलतात. बोलणं जमलं नाही की आधी संशय केबलवर जातो. या बाबतीत दोन पक्ष दिसतात. एकाचा नियमावर पूर्ण भरवसा आहे. दुसऱ्याचा कशावरच नाही, फार तर मल्टिमीटरवर. पहिल्याला नियमवादी म्हणू आणि दुसऱ्याला संशयी.

नियमवादी: हा प्रश्न मुळात अवघड नाही, लोकांनी तो करून ठेवलाय. आरएस-२३२ हे मानक अमेरिकेत १९६० साली आलं, तेव्हा ते करणाऱ्यांच्या डोळ्यासमोर एकच जोडी होती: इकडे टर्मिनल, तिकडे मोडेम. टर्मिनलच्या बाजूला डीटीई म्हटलं, मोडेमच्या बाजूला डीसीई. तारांची नावं मात्र सगळी टर्मिनलच्या बाजूनं ठेवली. ‘ट्रान्समिट’ म्हणजे टर्मिनल जिच्यावर पाठवतं ती तार. मोडेम त्याच तारेवर ऐकतो, तरी त्याच्या तोंडाशीही तिचं नाव ट्रान्समिटच. त्यामुळे दोन्ही टोकांना एका नंबरवर एकच तार येते आणि केबल सरळ राहते.

पुढे १९८४ साली आयबीएमच्या पीसी-एटीनं नऊ पिनांचा पोर्ट रूढ केला. त्यात पीसी पिन २ वर ऐकतो, ३ वर बोलतो, ५ म्हणजे ग्राउंड. मोडेम याच्या उलट, २ वर बोलतो आणि ३ वर ऐकतो. १९९५ च्या ऑगस्टमध्ये व्हीएसएनएलनं आपल्याकडे इंटरनेट खुलं केलं, त्यानंतर ज्यांनी टेबलावर बाहेरचा मोडेम ठेवला, त्यांनी सगळ्यांनी सरळच केबल वापरली आणि तिचा विचार कधी केला नाही. सिरियल माऊसही तसाच, मोडेमच्या बाजूनं वायर केलेला. आता दोन पीसी एकमेकांना जोडा. दोघेही ३ वर बोलणार, दोघेही २ वर ऐकणार. सरळ केबलमध्ये दोघांचे आवाज एकाच तारेवर आदळतात आणि ऐकण्याची तार रिकामी पडते. म्हणून एकाचा ३ दुसऱ्याच्या २ वर न्यायचा. मधले दोन मोडेम काढून टाकले आणि त्यांचं काम केबलनं केलं, इतकंच. वेगळ्या बाजूंना सरळ, एकाच बाजूच्यांना क्रॉस. यात अपवाद नाही.

संशयी: नियम बरोबर आहे. तो मला उपयोगी पडत नाही, ही माझी तक्रार. समोरचं उपकरण कोणत्या बाजूचं, हे मला कोण सांगणार? तुमचं मानक टर्मिनल आणि मोडेम यांच्यासाठी लिहिलेलं. वजनकाटा टर्मिनल आहे का? नाही. मोडेम आहे का? तेही नाही. ज्यानं त्याचं सर्किट काढलं, त्यानं त्या दिवशी ठरवलं असेल ते खरं. एक जण विचार करतो, ‘गिऱ्हाईक पीसीला लावणार, त्याला साधी सरळ केबल चालावी’, आणि काटा मोडेमसारखा वायर करतो. दुसरा म्हणतो, ‘माझंही एक स्वतंत्र यंत्र आहे’, आणि पीसीसारखा करतो. दोघेही मॅन्युअलमध्ये ‘आरएस-२३२ सुसंगत’ एवढंच लिहून मोकळे होतात.

आणि ‘कोणत्या उपकरणाला क्रॉस केबल लागते’ हा प्रश्नच मला अर्धवट वाटतो. कारखान्यातलं एक पीएलसी घ्या, ज्याचा पोर्ट पीसीसारखा आहे. लॅपटॉपवरून प्रोग्रॅम टाकायचा तर क्रॉस केबल. तेच पीएलसी, तोच पोर्ट, रात्री अलार्मचा एसएमएस जावा म्हणून जीएसएम मोडेमला जोडला की सरळ केबल. मग पीएलसी क्रॉसवालं की सरळवालं? पॅनेलच्या दारावर कुणी तरी ‘क्रॉस केबल वापरा’ अशी पट्टी चिकटवून जातो आणि पुढच्या माणसाचा दिवस खातो.

नियमवादी: हे तर माझ्याच नियमाचं उदाहरण झालं. क्रॉस असणं हा उपकरणाचा गुण नाही, तो दोन टोकांमधला संबंध आहे. तुम्ही म्हणता ती पट्टी चुकीची, कारण तिनं एकच टोक सांगितलं. पण लोक विचारतात ते बहुधा ‘माझ्या लॅपटॉपला’ असं गृहीत धरून, आणि तेवढ्यापुरतं उत्तर देता येतं. यूएसबी कन्व्हर्टर जवळजवळ नेहमी पीसीसारखाच असतो, म्हणजे एक टोक पक्कं झालं. मग दुसरा पीसी, सर्व्हरच्या पाठीवरचा सिरियल पोर्ट, जुन्या मॅनेज्ड स्विचवरचा नऊ पिनांचा मेल कन्सोल, यांना क्रॉस. मोडेम, सिरियल माऊस यांना सरळ. आणि ओळखायची खूणही आहे: रिवाज असा की डीटीईला मेल कनेक्टर, डीसीईला फिमेल. लॅपटॉपच्या मेलसमोर उपकरणाचाही मेल आला, तर दोघे एकाच बाजूचे. म्हणूनच बाजारातली क्रॉस केबल दोन्हीकडे फिमेल असते आणि सरळ केबल एकीकडे मेल, एकीकडे फिमेल.

संशयी: रिवाज, कायदा नव्हे. बिलाच्या प्रिंटरांमध्ये एपसनची टीएम मालिका दुकानादुकानांत दिसते. तिच्या सिरियल जोडणीचा २५ पिनांचा कनेक्टर फिमेल आहे, आणि वायरिंग मात्र डीटीईचं, म्हणजे पीसीसारखं. तुमच्या खुणेवर विसंबून कुणी सरळ केबल आणली तर प्रिंटर ढिम्म. शिवाय पाच-पन्नास रुपयांत जेंडर चेंजर मिळतो. दुरुस्ती करणाऱ्यानं दहा वर्षांपूर्वी तो लावला, स्क्रू घट्ट आवळले आणि निघून गेला. आता उपकरण बाहेरून फिमेल दिसतं. त्या चेंजरच्या पोटात २ आणि ३ ची अदलाबदल आहे की नाही, हेही बाहेरून कळत नाही, कारण नल मोडेम अडॅप्टर दिसायला अगदी तसाच असतो. आणि क्रॉस केबलला क्रॉस अडॅप्टर जोडला की दोन्ही मिळून पुन्हा सरळ.

माझा मार्ग सोपा आहे. उपकरण चालू करा, केबल काढा, मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. काळी प्रोब पिन ५ ला, लाल आधी २ ला, मग ३ ला. आरएस-२३२ मध्ये पाठवणारी तार गप्प असतानाही रिकामी नसते, तिच्यावर ऋण व्होल्टेज उभं असतं, साधारण उणे ५ ते उणे १२. ऐकणाऱ्या तारेवर बाहेरून काही आलेलं नसतं, ती शून्याच्या आसपास. म्हणजे ज्या पिनवर ऋण आकडा दिसेल तिथून उपकरण बोलतं. पीसी ३ वर बोलतो. उपकरणही ३ वर बोलत असेल तर क्रॉस, २ वर बोलत असेल तर सरळ. मॅन्युअल नको, कनेक्टरचं लिंग नको, डीटीई-डीसीई ही अक्षरंही नकोत.

नियमवादी: पिन मोजताना लोक कुठे फसतात ते सांगा.

संशयी: आरशात फसतात. पाच पिनांची रांग वर धरून समोरून पाहिलं, तर मेलमध्ये १ डावीकडे येतो आणि फिमेलमध्ये उजवीकडे. मधला ३ दोन्हीत मधेच राहतो, पण २ च्या जागी ४ आणि ५ च्या जागी १ मोजला जातो. पिन ४ वर पीसीसारखं उपकरण स्वतः व्होल्टेज ठेवत असतं, त्यामुळे काहीतरी आकडा दिसतो आणि माणूस खूश होतो. बहुतेक कनेक्टरांच्या प्लास्टिकवर भोकांशेजारी बारीक आकडे कोरलेले असतात. मोबाइलच्या उजेडात ते वाचावेत, रांगा मोजू नयेत.

संशयीची ही पद्धत खरोखर चांगली आहे आणि तिला लागणारा मीटर प्रत्येक इलेक्ट्रिशियनच्या पिशवीत असतो. पण तिच्यावर आक्षेप आहे, आणि नियमवादी तो सोडणार नव्हता.

नियमवादी: दोन्ही पिनांवर शून्य आलं तर काय म्हणाल? हे कोपऱ्यातलं उदाहरण नाही. बॅटरीवर चालणाऱ्या उपकरणांत अशा चिप असतात, ज्या समोरून वैध व्होल्टेज येईपर्यंत स्वतःचा ट्रान्समीटर बंद ठेवतात. केबल काढून मोजलं की ती झोपलेलीच सापडतात. स्वस्त मोजमाप यंत्रांत तर आणखी पुढची काटकसर: पाठवण्यासाठी लागणारं ऋण व्होल्टेज ते पीसीच्याच तारेवरून उसनं घेतात. पीसी नाही तर व्होल्टेज नाही. तुमचा मीटर म्हणेल ‘पोर्ट मेला’, आणि पोर्ट ठणठणीत असेल.

संशयी: मान्य. तिथे केबल लावून पाहावं लागतं, आणि मोजायचं ते जोडलेल्या अवस्थेत. मध्ये बसवायचा एलईडीचा छोटा टेस्टर मिळतो. केबल बरोबर असेल तर २ आणि ३ या दोन्ही तारांना आपापला बोलणारा मिळतो, दोन्ही दिवे लागतात. चुकीची असेल तर एका तारेवर दोघे बोलतात आणि दुसरीवर कुणीच नाही, तो दिवा विझलेला राहतो. टेस्टर नसेल तर तेच मीटरनंही दिसतं: दोन्ही तारा ऋण असायला हव्यात, एक शून्यावर असेल तर २-३ उलटे करा. उसनवारीवर जगणाऱ्या यंत्रालाही बरोबर केबल लावली की व्होल्टेज मिळतं आणि त्याचा दिवा लागतो. मात्र काही यंत्रं डीटीआर आणि आरटीएस या तारा सॉफ्टवेअरनं विशिष्ट स्थितीत ठेवल्याशिवाय जागीच होत नाहीत. त्यांच्यापुढे मी मॅन्युअल शोधतो.

नियमवादी: शेवटी मॅन्युअलवर आलातच. बरं, एक आणखी चाचणी लोक फार विश्वासानं करतात: केबलच्या दूरच्या टोकाला २ आणि ३ तारेच्या तुकड्यानं जोडायचे, आणि टाइप केलेलं स्क्रीनवर परत येतं का बघायचं. आलं की म्हणतात, केबल बरोबर आहे.

संशयी: ती चाचणी पीसी, ड्रायव्हर, पोर्टचा नंबर आणि तारा तुटलेल्या नाहीत एवढं सिद्ध करते. क्रॉस की सरळ याबद्दल ती अवाक्षर काढत नाही, कारण दोन्ही केबलांत २ आणि ३ टोकाला एकत्र बांधले की अक्षर परतच येणार.

इथवर भांडण दोन तारांचं होतं. पण पिना नऊ आहेत, आणि खरी चिडचिड उरलेल्यांत आहे. दोघांनी एक प्रसंग घेतला. जुना मॅनेज्ड स्विच, नऊ पिनांचा मेल कन्सोल, पासवर्ड कुणाला आठवत नाही. लिनक्सचा लॅपटॉप, यूएसबी कन्व्हर्टर आणि हातानं सोल्डर केलेली तीन तारांची क्रॉस केबल: २ ते ३, ३ ते २, ५ ते ५. स्विच बंद-चालू केला की सुरू होतानाच्या ओळी स्क्रीनवर सुरेख उमटतात. लॉगिन विचारलं जातं. आणि टाइप केलेलं एकही अक्षर पोहोचत नाही.

नियमवादी: या ठिकाणी दहातले नऊ जण केबल फेकून देतात. ओळी वाचता येतायत, म्हणजे स्विचची पाठवणारी तार लॅपटॉपच्या ऐकणाऱ्या पिनवर आली आहे, म्हणजे क्रॉस बरोबर. वेग चुकला असता तर ओळींऐवजी कचरा दिसला असता. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे: केबल चुकली तर पूर्ण शांतता, वेग चुकला तर चित्रविचित्र चिन्हं. चिन्हं दिसली की आनंद माना, केबलचा प्रश्न सुटलेला आहे.

संशयी: अर्ध्या दिशेचा सुटलेला आहे. दुसऱ्या दिशेची तार सोल्डरपाशी तुटली असेल तरी हेच दिसेल. पण ती शाबूत आहे असं धरू. मिनिकॉम हा प्रोग्रॅम उघडा आणि सिरियल पोर्टच्या सेटिंगमध्ये जा.

```
minicom -s
Serial port setup
F - Hardware Flow Control : Yes
```

हे `Yes` तिथे आपसूक असतं. त्याचा अर्थ, लॅपटॉप अक्षर पाठवण्याआधी पिन ८ कडे, म्हणजे सीटीएसकडे बघतो. समोरच्यानं तिथे धन व्होल्टेज दिलं तरच पाठवतो. तीन तारांच्या केबलमध्ये पिन ८ ला काही जोडलेलंच नाही. रिकामी पिन ‘नाही’ म्हणूनच वाचली जाते. लॅपटॉप परवानगीची वाट बघत बसतो, ऐकायला मात्र परवानगी लागत नाही, म्हणून ओळी येत राहतात. F दाबून ते `No` करा, कन्सोल चालू.

नियमवादी: किंवा केबल नीट बनवा! पूर्ण क्रॉस केबलमध्ये सात आणि आठही उलटे जातात: एकाचा आरटीएस दुसऱ्याच्या सीटीएसवर. एकाचा पिन ४, म्हणजे डीटीआर, दुसऱ्याच्या ६ वर आणि सोबत १ वरही, म्हणजे समोर कुणी तयार आहे आणि जणू मोडेमला कॅरियरही मिळाला आहे, दोन्ही कळतं. ९ ही फोनची घंटा कळवणारी पिन, ती मोकळी राहते. या केबलला सॉफ्टवेअरमध्ये काहीही निवडलेलं चालतं. तीन तारांची केबल ही गरिबाची सोय आहे, आणि तिच्यामुळे क्रॉस केबल बदनाम होते.

संशयी: बाजारात ‘नल मोडेम’ म्हणून मिळते ती तुमची पूर्ण केबलच असेल याची खात्री द्या. तीन जाती एकाच नावानं विकल्या जातात. एक तीन तारांची. दुसरी पूर्ण. आणि तिसरी फसवी: तीन तारा आणि प्रत्येक टोकाला ७ व ८ आपसात जोडलेले, १, ४, ६ आपसात जोडलेले. तिच्यात लॅपटॉप परवानगी मागतो आणि स्वतःच्याच तारेवरून स्वतःला ‘हो’ मिळवतो. कन्सोलसाठी ती उत्तम. आता ती हॉटेलच्या स्वयंपाकघरातल्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला लावा, जिथे ऑर्डरी छापल्या जातात. ९६०० च्या वेगानं सेकंदाला सुमारे ९६० अक्षरं येतात, कारण एका अक्षराला सुरुवातीचा आणि शेवटचा धरून दहा बिट लागतात. सुया मारणारा प्रिंटर इतक्या वेगानं छापत नाही. त्याचा बफर भरतो, तो आपली तयारीची तार खाली घेऊन ‘थांबा’ म्हणतो, आणि ती तार केबलमध्ये पलीकडे गेलेलीच नसते. छोटी ऑर्डर बरोबर येते. बारा जणांच्या टेबलाची मोठी ऑर्डर आली की मधल्या ओळी गायब. लोक प्रिंटर बदलतात, रोल बदलतात, सॉफ्टवेअरवाल्याला शिव्या घालतात. केबलकडे बघत नाहीत, कारण केबल ‘चालते’.

नियमवादी: हा दोष क्रॉसचा नाही, फसवणुकीचा आहे. पण एक मान्य करतो: प्रिंटरमध्ये माझी आदर्श केबलही नेहमी पुरत नाही. एपसनसारखे प्रिंटर थांबायचं सांगतात ते डीटीआरवरून, आणि पीसीवरचं बिलिंग सॉफ्टवेअर बघतं सीटीएसकडे. माझ्या केबलमध्ये डीटीआर जातो डीएसआरवर. म्हणून प्रिंटरची केबल बनवणारे तो डीटीआर दोन्ही ठिकाणी, डीएसआर आणि सीटीएसवर, नेतात. म्हणजे ‘पूर्ण क्रॉस’ हाही एकच एक नमुना नाही.

संशयी: त्यात २५ पिनांचं लचांड. पुणे-कोल्हापूरच्या कारखान्यांत फॅनुक कंट्रोलची सीएनसी मशीन उदंड आहेत, आणि जुन्यांत प्रोग्रॅम अजून सिरियल केबलनं चढतो. मशीनवर २५ पिना, लॅपटॉपवर ९. नवखा मुलगा केबल मीटरच्या बीपवर तपासतो: २ ते २, ३ ते ३, आणि ५ ते ७. तो जाहीर करतो की ही सरळ केबल आहे, आपल्याला तर क्रॉस हवी. आणि चांगली केबल कापतो.

नियमवादी: कारण २५ पिनांत पीसीच्या बाजूनं २ म्हणजे बोलणं आणि ३ म्हणजे ऐकणं. नऊ पिनांत नेमकं उलट. म्हणून ९ ते २५ मध्ये २-२, ३-३ असेल तर ती क्रॉस, आणि २-३, ३-२ असेल तर ती सरळ. नंबर बघायचे नसतात, काम बघायचं असतं: एकाचं बोलणं दुसऱ्याच्या ऐकण्यावर गेलं की झालं. माझा नियम इथेही टिकतो, हे लिहून ठेवा.

संशयी: टिकतो, पण ज्याला दोन्ही तक्ते पाठ आहेत त्याच्यासाठी. इतरांनी बेधडक दोन्ही केबल लावून पाहाव्यात. आरएस-२३२ चे ट्रान्समीटर असेच बांधलेले असतात की ग्राउंडला किंवा एकमेकांना टेकले तरी जळत नाहीत. चुकीची केबल लावल्याची शिक्षा शांतता एवढीच.

नियमवादी: तुमच्यासारख्या संशयी माणसानं हे म्हणावं? नऊ पिना दिसल्या म्हणजे आरएस-२३२ च, हे कुणी सांगितलं? सीमेन्सच्या एस७-२०० पीएलसीवर तसाच नऊ पिनांचा फिमेल कनेक्टर आहे आणि आत आरएस-४८५ आहे, त्याला मधे रूपांतर करणारी खास केबल लागते. तिथे तुमच्या सरळ-क्रॉसच्या फेऱ्या दिवसभर चालतील. त्याहून वाईट, एपीसीच्या जुन्या स्मार्ट-यूपीएसवरचा नऊ पिनांचा पोर्ट. तो ऐकतो पिन १ वर, बोलतो २ वर, आणि त्याचं ग्राउंड ९ वर. त्याला ९४०-००२४सी या नंबराची स्वतःची केबल आहे, ती ना सरळ ना क्रॉस. उरलेल्या पिनांपैकी काहींवर यूपीएस बंद करण्याच्या सूचना असतात. साधी सिरियल केबल लावली तर यूपीएस तिथल्या तिथे आऊटपुट तोडू शकतो आणि त्याच्यावरचे सर्व्हर एकदम अंधारात जातात. ‘लावून पाहा’ची शिक्षा तिथे शांतताच, पण वेगळ्या अर्थानं.

संशयी: म्हणून मी आधी मीटर म्हटलं. ५ आणि २ किंवा ५ आणि ३ मध्ये ऋण आकडा आला तरच पुढे जायचं. यूपीएसवर ५ हे ग्राउंडच नाही, तिथे आकडे जुळणार नाहीत, तोच इशारा.

नियमवादी: जुळले तर? योगायोगानं आकडा जुळला म्हणून मी चालू यूपीएसला हात लावणार नाही. तिथे मागच्या पट्टीवरचं मॉडेल वाचायचं आणि त्याची केबल मागवायची. ज्या उपकरणाची वीज तोडण्याची ताकद आहे, त्याच्यावर ना तुमचा मीटर वापरायचा ना माझा नियम.

संशयी: ठीक. पण नेटवर्कच्या केबलमध्ये हाच प्रश्न होता आणि तो सुटला, हे मला खुपतं. पूर्वी दोन संगणक थेट जोडायला क्रॉस लॅन केबल लागायची. आता पोर्ट स्वतः ओळखतो आणि आतल्या आत जोड्या उलटवतो. सिरियलला कुणी ते केलं नाही.

नियमवादी: तिथे उलटवायच्या जोड्या ठरलेल्या आहेत आणि दोन्ही टोकांना चिप आधी एकमेकींची चाचपणी करतात. इथे समोर गप्प बसलेला वजनकाटा असू शकतो, जो पाच तासांनी पहिलं अक्षर बोलेल. पोर्टनं ठरवायचं कशावरून?

संशयी: त्याच ऋण व्होल्टेजवरून. मी मीटरनं बघतो ते चिपला का बघता येऊ नये?

नियमवादी: बघता येईल, २ आणि ३ पुरतं. मग झोपलेलं उपकरण? मग ७, ८, ४, ६? फसवी केबल? डीटीआरवर बोलणारा प्रिंटर? तुमची ती हुशार चिप पहिल्या अडचणीला तुमच्याइतकीच गोंधळेल.

यावर दोघांचं जमलं नाही. नियमवाद्याच्या बॅगेत सात तारांची पूर्ण क्रॉस केबल असते आणि तिच्या दोन्ही टोकांना कुठली पिन कुठे जाते ते लिहिलेली पट्टी. संशयीकडे एक सरळ केबल, एक नल मोडेम अडॅप्टर, एलईडी टेस्टर आणि मीटर. नवीन जागी गेल्यावर संशयीचं सामान लवकर कामाला येतं. एकदा बसवून विसरायचं असेल तर नियमवाद्याची केबल घ्यावी, प्रिंटर वगळून. उपकरणं बनवणाऱ्यांकडे मात्र दोघांची मागणी एकच आहे: मॅन्युअलमध्ये ‘आरएस-२३२ सुसंगत’ लिहून थांबू नका, पोर्टच्या शेजारी पत्र्यावर छापा की पिन २ वरून डेटा बाहेर येतो की आत जातो, आणि थांबायचं कुठल्या पिनवरून सांगितलं जातं.